शाखांचे रिफ्रेश जॉब आणि यादृच्छिक विलंब: प्रकल्प नोंदी

2 जून 2025, सोमवार

आमच्या सहकारी ग्राहक भांडाराच्या 40 शाखांमध्ये प्रत्येकी एक छोटा सर्व्हर आहे आणि तो मुख्य कार्यालयातल्या पोस्टग्रेस डेटाबेसमधून तीन प्रकारची माहिती दर तासाला आणतो: साठा, दर आणि सभासदांची खाती. म्हणजे सकाळी 8 ते रात्री 9 या वेळेत प्रत्येक तासाच्या ठोक्याला 120 रिफ्रेश जॉब एकाच दाराशी येऊन उभे राहतात. गेल्या महिन्यापासून शाखांची तक्रार आहे की तास उलटल्यावर दहा-बारा मिनिटे जुनीच माहिती दिसते आणि अधूनमधून एखाद्या शाखेची माहिती तासभर बदलतच नाही.

आज सकाळी 10 वाजताचा डेटाबेसचा लॉग ओळीने ओळ वाचला. पहिल्या मिनिटात पुढील ओळ बरोबर शंभर वेळा आली आहे.

```
FATAL:  too many connections for role "refresh_ro"
```

या भूमिकेला एका वेळी 20 कनेक्शनची मर्यादा आहे. 120 पैकी पहिले 20 जॉब आत गेले, उरलेले 100 परत फिरले. एरवी एकटा चालणारा जॉब सरासरी 40 सेकंदांत संपतो, पण वीस जण एकत्र चालू असताना त्याच कामाला सुमारे दीड मिनिट लागते. त्यामुळे पहिल्या मिनिटात एकही जागा रिकामी झाली नाही. परत फिरलेला प्रत्येक जॉब बरोबर 60 सेकंद थांबून पुन्हा येतो, म्हणजे गर्दी पांगण्याऐवजी आहे तशीच एक मिनिट पुढे सरकते. दहा प्रयत्नांनंतर जॉब हार मानतो आणि पुढच्या तासाची वाट पाहतो. आज 10 वाजता असे नऊ जॉब होते.

डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना मर्यादा वाढवता येईल का, असे विचारले. त्यांचा नकार मला पटला. संपूर्ण सर्व्हरची मर्यादा 100 कनेक्शनची आहे आणि त्याच सर्व्हरवर खरेदी विभागाचे आणि गोदामाचे काम दिवसभर चालते. शिवाय वीस जॉब एकत्र चालले तर प्रत्येकाचा वेळ दुपटीहून अधिक होतो, तर साठ जॉबांना आत घेऊन फक्त डिस्कवरची रांग लांबेल. 10 वाजून 15 मिनिटांपासून 11 वाजेपर्यंत हाच सर्व्हर जवळजवळ रिकामा बसलेला असतो. क्षमता पुरेशी आहे, मागणी चुकीच्या क्षणी एकवटते आहे. म्हणून जॉबांच्या वेळा पांगवायच्या, असे ठरले.

3 जून, मंगळवार

बदल करण्याआधी आजची स्थिती नीट समजून घेणे आवश्यक वाटले, कारण लॉगमध्ये एक गोष्ट अपेक्षेपेक्षा वेगळी होती. सगळे जॉब 10:00:00 ला सुरू व्हायला हवे होते. प्रत्यक्षात शाखांच्या सुरुवाती 10:00:00 ते 10:01:00 या मिनिटभरात विखुरलेल्या होत्या. मात्र एका शाखेचे तिन्ही जॉब नेहमी एकाच सेकंदाला सुरू होत होते. एका शाखेत तो सेकंद 37 वा होता आणि दिवसभर, प्रत्येक तासाला, 37 वाच राहिला.

हे systemd च्या टायमरचे ठरलेले वर्तन आहे. `AccuracySec` ही किंमत आपण दिली नाही तर ती एक मिनिट धरली जाते. त्या मिनिटभराच्या मुभेत systemd त्या यंत्रापुरता एक ठराविक क्षण निवडते आणि यंत्रावरचे सगळे टायमर त्याच क्षणावर आणते, जेणेकरून प्रोसेसरला वारंवार जागे व्हावे लागू नये. वीज वाचवण्यासाठी ही सोय उत्तम आहे, आपल्या कामासाठी ती उलट्या दिशेची आहे. ही बाब ठळकपणे नोंदवून ठेवत आहे, कारण विलंब लावतानाही ती आड येणार.

याच शाखांच्या सर्व्हरवर आपल्याला हवे तसे एक उदाहरण आधीपासून आहे. `systemctl cat apt-daily.timer` ही आज्ञा दिली की डेबियनचा स्वतःचा टायमर दिसतो: वेळ सकाळी 6 आणि संध्याकाळी 6, आणि खाली `RandomizedDelaySec=12h`. जगभरातील डेबियन यंत्रांनी एकाच मिनिटाला अद्ययावत याद्या मागू नयेत, म्हणून प्रत्येक यंत्र शून्य ते बारा तासांमधला कोणताही विलंब स्वतःच निवडते. आपल्याला हेच करायचे आहे, फक्त बारा तासांची मोकळीक आपल्याकडे नाही.

5 जून, गुरुवार

आज विलंबाची रुंदी ठरवली. आकडेमोड साधी आहे आणि ती इथे पूर्ण लिहून ठेवते, कारण शाखा वाढल्या की ती पुन्हा करावी लागेल.

120 जॉब, प्रत्येकी 40 सेकंद, म्हणजे एकूण 4,800 सेकंदांचे काम. हे काम 5 मिनिटांत, म्हणजे 300 सेकंदांत पसरले तर कोणत्याही क्षणी सरासरी 16 जॉब चालू असतील. मर्यादा 20 आहे, तेव्हा 16 पुरेसे वाटेल. पण यादृच्छिक विलंब म्हणजे समान अंतर नव्हे. चिठ्ठ्या टाकून वेळा निवडल्या की काही ठिकाणी झुबके पडतात आणि काही ठिकाणी पोकळी राहते. सरासरी 16 असताना प्रमाण विचलन सुमारे पावणेचार येते, म्हणजे पाच मिनिटांतला सर्वांत दाट क्षण सहज 23-24 पर्यंत जाईल आणि मर्यादा ओलांडेल. 10 मिनिटांच्या रुंदीला सरासरी 8 आणि दाट क्षण 14-15 च्या आसपास. 15 मिनिटांना सरासरी 5.3 आणि दाट क्षण 11 च्या आसपास.

मी 15 मिनिटे निवडली. 10 मिनिटे आजच्या आकड्यांना पुरतात, पण 40 सेकंद ही सरासरी आहे. महिनाअखेरीस सभासदांच्या खात्यांचा जॉब याहून बराच लांबतो, आणि जॉब लांबला की त्याच रुंदीत गर्दी त्याच प्रमाणात वाढते.

समान अंतराचा पर्यायही चर्चेत आला. 900 सेकंदांत 120 जॉब म्हणजे दर साडेसात सेकंदांनी एक; झुबका पडण्याचा प्रश्नच नाही. कागदावर हे सर्वोत्तम आहे. परंतु त्यासाठी कोणत्या शाखेचा कोणता क्रमांक याची एक मध्यवर्ती यादी लागते, ती नवी शाखा उघडताना कोणीतरी न विसरता सुधारावी लागते, आणि ती विसरली गेल्याचे लक्षात येण्याचा मार्ग नसतो. प्रत्येक यंत्राने स्वतःपुरता विलंब निवडला तर ही यादीच लागत नाही. थोडे झुबके सहन करून ही सुटका मिळत असेल तर सौदा चांगला आहे.

एका सहकाऱ्याने सुचवले की ठोक्याची वेळच काढून टाकावी: सर्व्हर सुरू झाल्यावर एकदाच यादृच्छिक थांबावे आणि मग प्रत्येक जॉब संपल्यापासून 60 मिनिटांनी पुढचा सुरू करावा. शाखा मुळात वेगवेगळ्या वेळी सुरू होतात, तेव्हा जॉब आपोआप पांगलेले राहतील, असा त्यांचा तर्क होता. हा तर्क चुकीचा असल्याचे फार पूर्वीच दाखवले गेले आहे. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी 1993 मध्ये राउटरांच्या ठराविक अंतराने जाणाऱ्या संदेशांचा अभ्यास केला. त्यात असे दिसले की पुढच्या वेळेची मोजणी काम संपल्यापासून होत असेल, तर सुरुवातीला विखुरलेले राउटरही हळूहळू एका लयीत येऊ शकतात. दोघांचे काम एकदा एकमेकांवर आले की दोघेही लांबतात आणि साधारण एकाच वेळी मोकळे होतात. तिथून पुढे ते जोडीनेच फिरतात. म्हणूनच 1998 च्या RFC 2453 मध्ये राउटरांच्या 30 सेकंदांच्या संदेशांसाठी दोन उपाय दिले आहेत: यंत्रावरच्या भाराचा परिणाम होणार नाही असे घड्याळ वापरा, नाहीतर प्रत्येक वेळी 0 ते 5 सेकंदांचा यादृच्छिक फरक पुढे किंवा मागे लावा. आपला ठोका घड्याळाशीच बांधलेला आहे. तो तसाच ठेवायचा आणि विलंब त्या ठोक्यापासून मोजायचा.

6 जून, शुक्रवार

सहा शाखांवर चाचणी सुरू केली. सकाळी फक्त `RandomizedDelaySec=15min` ही एक ओळ वाढवली आणि 3 जूनच्या नोंदीतली अडचण लगेच समोर आली. 37 व्या सेकंदाच्या शाखेत तीन जॉब 10:04:37, 10:09:37 आणि 10:09:37 ला सुरू झाले. विलंब लावल्यावर systemd ने प्रत्येक वेळ पुन्हा त्या ठरलेल्या सेकंदावर नेली आणि दोन जॉबांची गाठ घालून दिली. सेकंदाचा आकडा सारखा दिसला की विलंबावर `AccuracySec` चा हात फिरला आहे हे ओळखावे. दुपारी टायमर असा केला.

```
[Timer]
OnCalendar=*-*-* 08..21:00:00
RandomizedDelaySec=15min
AccuracySec=1us
Persistent=true
```

त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये सेकंद खरोखर विखुरलेले दिसले. या मांडणीत प्रत्येक फेरीला नवा विलंब निवडला जातो. ते योग्य आहे की नाही, हे चाचणीतून कळेल.

9 जून, सोमवार

विलंबामुळे माहिती गळाली आहे.

साडेअकराच्या सुमारास चाचणीतल्या एका शाखेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "ताई, गोदामाची गाडी दारात उभी आहे, चलन हातात आहे, पण शेंगदाणा तेलाचे चोवीस डबे स्क्रीनवर नाहीतच." मुख्य डेटाबेसमध्ये ती पाठवणी 10:07 ला नोंदलेली स्पष्ट दिसत होती. साठ्याचा जॉब त्यानंतर यशस्वीपणे चालला होता, लॉगमध्ये कोणतीही त्रुटी नव्हती, आणि तरीही डबे आलेले नव्हते.

जॉबच्या क्वेरीमध्ये पुढील अट होती.

```sql
WHERE changed_at >= now() - interval '1 hour'
```

जोपर्यंत जॉब दर तासाला ठोक्याला चालत होता तोपर्यंत "गेला एक तास" म्हणजेच "मागच्या फेरीपासून आतापर्यंत" असा अर्थ होत होता, आणि हे दोन अर्थ वेगळे आहेत याची जाणीव क्वेरी लिहिणाऱ्याला होण्याचे कारण नव्हते. आज 10 च्या फेरीला 2 मिनिटांचा विलंब मिळाला, म्हणून ती 10:02 ला चालली. 11 च्या फेरीला 13 मिनिटांचा विलंब मिळाला, म्हणून ती 11:13 ला चालली आणि तिने 10:13 पासूनच्या नोंदी मागितल्या. 10:02 ते 10:13 ही अकरा मिनिटे कोणत्याच फेरीच्या वाट्याला आली नाहीत आणि तेलाचे डबे त्याच अकरा मिनिटांत बसलेले होते. विलंबांचा क्रम उलटा असता तर तीच अकरा मिनिटे दोनदा आली असती. आपण नोंदी बेरजेने न घालता जुनी ओळ बदलतो, म्हणून त्याचा त्रास झाला नसता. जिथे आलेले आकडे मिळवले जातात तिथे साठा दुप्पट दिसला असता.

या चुकीची खूण अशी की ती कधीच त्रुटी म्हणून दिसत नाही. प्रत्येक फेरी यशस्वी असते, ओळींची संख्या संशय येण्याजोगी नसते, आणि नुकसान फक्त तेव्हा दिसते जेव्हा कोणी हातातला कागद आणि स्क्रीन शेजारी धरून पाहते. त्या व्यवस्थापकांनी चलन पाहून फोन केला नसता तर आपण हीच मांडणी 40 शाखांवर नेली असती.

चाचणी लगेच थांबवली, सहाही शाखांचा साठा पहिल्यापासून पूर्ण आणला आणि तिन्ही जॉबांच्या क्वेरी तपासल्या. साठा आणि सभासद यांच्यात ही अट होती. दराचा जॉब पूर्ण यादीच आणतो, त्यामुळे तो वाचला. दोन्ही ठिकाणी आता शाखेने शेवटची मिळालेली `changed_at` ची वेळ जपून ठेवायची आणि पुढची मागणी तिथून करायची, अशी रचना केली आहे.

```sql
WHERE changed_at >= :last_seen - interval '5 minutes'
```

पाच मिनिटे मागे जाण्याचे कारण वेगळे आहे. पोस्टग्रेसमध्ये `now()` ही व्यवहार सुरू झाल्याची वेळ असते, तो पक्का झाल्याची नव्हे. गोदामाचा एखादा मोठा व्यवहार 10:00 ला सुरू होऊन 10:03 ला पक्का झाला, तर त्याच्या ओळींवर 10:00 चा शिक्का असतो आणि 10:02 ला आलेल्या जॉबला त्या दिसत नाहीत. थोडे मागून सुरुवात केली की अशा ओळी पुढच्या फेरीत सापडतात, आणि दोनदा आलेली ओळ `ON CONFLICT ... DO UPDATE` मुळे निरुपद्रवी ठरते. गोदामाचे व्यवहार पाच मिनिटांहून लांबत नाहीत हे तपासून घेतले आहे.

11 जून, बुधवार

सुधारित क्वेरींसह चाचणी काल पुन्हा सुरू केली. माहिती पूर्ण येते आहे, परंतु देखरेखीच्या सूचना वाढल्या. साठ्याची माहिती 70 मिनिटांहून जुनी झाली की सूचना येते, अशी मर्यादा आपण पूर्वी लावलेली आहे. प्रत्येक फेरीला नवा विलंब मिळत असल्याने दोन फेऱ्यांमधले अंतर आता 45 ते 75 मिनिटांमध्ये कुठेही असू शकते. ते 70 च्या वर जाण्याची शक्यता अठरात एक येते. सहा शाखा आणि दिवसाची तेरा अंतरे धरली तर रोज साधारण चार खोट्या सूचना. काल चारच आल्या. चाळीस शाखांवर हा आकडा दिवसाला एकोणतीस होईल आणि मग सूचनांकडे कोणी पाहणार नाही.

मर्यादा 80 मिनिटे करणे हा सोपा मार्ग होता. पण व्यवस्थापकांचे म्हणणे मला अधिक महत्त्वाचे वाटले. माहिती तासाला सात मिनिटांनी बदलते की बारा मिनिटांनी, याची त्यांना पर्वा नाही. ती रोज, दर तासाला, त्याच मिनिटाला बदलावी एवढीच त्यांची अपेक्षा आहे, म्हणजे कधी पाहायचे हे कळते. आपल्यालाही शाखा एकमेकींपासून दूर हव्या आहेत. एकाच शाखेची वेळ रोज बदलायला हवी अशी आपली गरज मुळीच नाही.

यासाठी systemd च्या 247 व्या आवृत्तीपासून `FixedRandomDelay=true` हा पर्याय आहे आणि आपल्या डेबियन 12 मध्ये 252 वी आवृत्ती असल्याने तो मिळतो. तो लावला की विलंब यंत्राचा ओळख क्रमांक, वापरकर्ता आणि टायमरचे नाव यांवरून काढला जातो. त्यामुळे तो यंत्र बंद करून सुरू केले तरी बदलत नाही आणि दोन फेऱ्यांमधले अंतर पुन्हा बरोबर 60 मिनिटांवर येते. ही ओळ वाढवून उद्या रात्री सर्व शाखांवर बदल पाठवायचा आहे.

13 जून, शुक्रवार

काल रात्री बदल सर्व शाखांवर गेला. आज 11:08:23 ला, एकाच सेकंदात, 31 शाखांचे साठ्याचे जॉब डेटाबेसवर आले. वीस आत गेले, अकरा परत फिरले. दराचे 31 जॉब दुसऱ्या एका सेकंदाला आणि सभासदांचे 31 जॉब तिसऱ्या एका सेकंदाला, हीच तऱ्हा. उरलेल्या नऊ शाखा मात्र छान विखुरलेल्या होत्या.

31 हा आकडा पाहून कारण लक्षात आले. आपण एक सर्व्हर नीट उभा केला होता आणि त्याच्या डिस्कची प्रत काढून 31 यंत्रे तयार केली होती. नऊ नंतर स्वतंत्रपणे बसवली. प्रत काढताना `/etc/machine-id` ही फाइलही जशीच्या तशी गेली. ओळख क्रमांक एक, टायमरचे नाव एक, वापरकर्ता एक. मग विलंबही एकच. चाचणीच्या सहा शाखांवर हे मला दिसायला हवे होते, पण कालचा दिवस मी फक्त खोट्या सूचना थांबल्या की नाही हे पाहण्यात घालवला आणि शाखांच्या वेळा शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

हा दोष आजवर झाकलेला राहण्याचे कारणही नोंदवण्यासारखे आहे. `AccuracySec` च्या मिनिटभराच्या मुभेतला क्षण systemd यंत्राच्या ओळख क्रमांकावरून ठरवत नाही. यंत्र प्रत्येक वेळी सुरू होताना जो नवा बूट क्रमांक मिळतो त्यावरून ठरवते. तो प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो, म्हणून 2 जूनला शाखा मिनिटभरात का होईना विखुरलेल्या दिसत होत्या. ती मुभा आपण काढून घेतल्यावर विखुरण्याची सगळी जबाबदारी ओळख क्रमांकावर आली, आणि तो सगळीकडे सारखाच होता.

दुपारी तात्पुरते `FixedRandomDelay` काढले. रात्री शाखा बंद झाल्यावर 31 यंत्रांवर पुढील आज्ञा चालवून ओळख क्रमांक नवे केले.

```
rm -f /etc/machine-id /var/lib/dbus/machine-id
systemd-machine-id-setup
reboot
```

दुसरी फाइल काढायला विसरू नये. तिथे जुन्या क्रमांकाची प्रत असेल तर `systemd-machine-id-setup` तीच उचलून परत लिहिते आणि आज्ञा यशस्वी झाल्यासारखी दिसते. पहिल्या दोन शाखांवर माझ्याकडून हेच झाले होते. यंत्रे पुन्हा सुरू झाल्यावर चाळीसही क्रमांक गोळा करून `sort | uniq -d` मधून काढले. उत्तर रिकामे आले. नवीन शाखेच्या तयारीच्या कागदावर ही तपासणी लिहून ठेवली आहे. त्यानंतर `FixedRandomDelay` पुन्हा लावले.

16 जून, सोमवार

विलंब कायमचा असण्याला एक दुसरी बाजू आहे. दर फेरीला नवी चिठ्ठी निघत असती तर आजचा झुबका उद्या मोडला असता. कायमच्या विलंबात झुबका पडला तर तो दर तासाला तसाच पडतो. म्हणून एकदा तरी सगळ्या वेळा एकत्र पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक शाखेवर `systemctl list-timers 'refresh-*'` चालवून पुढच्या फेरीच्या 120 वेळा एका यादीत आणल्या आणि कोणत्याही 40 सेकंदांत जास्तीत जास्त किती जॉब येतात ते मोजले. सर्वांत दाट ठिकाणी दहा निघाले, हिशेबातल्या अकराच्या जवळ आणि मर्यादेच्या निम्मे. हा आकडा सतरा-अठरा आला असता तर त्यातल्या एखाद्या शाखेच्या टायमरचे नाव बदलावे लागले असते, कारण नाव बदलले की विलंबही बदलतो.

आज दरांबाबत एक रास्त तक्रार आली. खरेदी विभाग सकाळी साडेआठपर्यंत दिवसाचे दर भरतो आणि दुकाने 9 ला उघडतात. पूर्वी 9 च्या ठोक्याला, गर्दीत का होईना, दर येऊ लागत. आता एका शाखेत ते 9:01 ला आले आणि पलीकडच्या पेठेतल्या शाखेत 9:14 ला. तेवढ्या वेळात तूरडाळ एका ठिकाणी जुन्या भावाने गेली. विलंब फक्त पुढे ढकलतो, मागे कधीच आणत नाही. तेव्हा ज्या कामाला शेवटची वेळ बांधलेली आहे त्याचा ठोकाच रुंदीएवढा आधी घ्यायला हवा. दराच्या टायमरची वेळ `08..20:40:00` केली. विलंब धरून सगळे दर 8:40 ते 8:55 मध्ये येतील आणि एखादा जॉब अडला तर दुकान उघडण्यापूर्वी पुन्हा प्रयत्न करायला पाच मिनिटे उरतील. या बदलामुळे तासाच्या ठोक्यावर 120 ऐवजी 80 जॉब राहिले. यादी पुन्हा काढली. दाट ठिकाणी आता आठ आहेत.

18 जून, बुधवार

पुन्हा प्रयत्न करण्याचे 60 सेकंद अजून तसेच होते. आज सकाळी मुख्य सर्व्हरचे नेटवर्क तीन-चार मिनिटे बंद पडले आणि त्या काळात अडलेले जॉब जोडणी परत येताच पुढच्या मिनिटभरात एकदम आले, म्हणून तेही पांगवायला घेतले. थांबण्याचा काळ 30 ते 119 सेकंदांमध्ये यादृच्छिक केला.

```
sleep $((30 + RANDOM % 90))
```

चाचणीत प्रत्येक जॉब बरोबर 30 सेकंदच थांबत होता. स्क्रिप्टची पहिली ओळ `#!/bin/sh` होती. डेबियनमध्ये `/bin/sh` म्हणजे डॅश, आणि डॅशमध्ये `RANDOM` नावाचे काही नाही. बेरजेत अनोळखी नाव शून्य धरले जाते आणि कोणतीही त्रुटी येत नाही. पहिली ओळ `#!/bin/bash` केल्यावर वेगवेगळे आकडे दिसू लागले. पांगवण्याच्या कोणत्याही कामात निदान दहा-वीस प्रत्यक्ष आकडे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते झाले असे मी आता मानत नाही.

24 जून, मंगळवार

काल दुपारी पावसात एका भागातल्या सात शाखांची वीज गेली आणि दोन तासांनी एकदम आली. `Persistent=true` असल्यामुळे सातही यंत्रांनी सुरू होताच चुकलेली फेरी भरून काढायला घेतली, परंतु अशा भरपाईच्या फेरीलाही `RandomizedDelaySec` लागू होत असल्याने जॉब आपापल्या विलंबानेच आले. सर्वांत दाट क्षणी चालू जॉब पाच होते.

त्याच वेळी तीन शाखांमध्ये कर्मचाऱ्यांनी वाट न पाहता "आता ताजे करा" हे बटण दाबले. ते बटण `systemctl start refresh-stock.service` ही आज्ञा देते, म्हणजे टायमरला वळसा घालून सर्व्हिस थेट सुरू करते. तिथे कोणताही विलंब लागत नाही. तीन शाखांनी काही बिघडले नाही. चाळीस शाखांनी एकदम दाबले तर 2 जूनचेच चित्र दिसेल. बटणाला विलंब लावणे मला योग्य वाटत नाही, कारण समोर गिऱ्हाईक उभे असतानाच ते दाबले जाते. त्याऐवजी बटणाशेजारी पुढची ठरलेली फेरी किती वाजता आहे ते दाखवायचे ठरले आहे. `FixedRandomDelay` मुळे ती वेळ प्रत्येक शाखेची निश्चित आहे आणि `list-timers` मधून मिळते. हे काम या आठवड्यात घेते आहे.

13 जूनच्या रात्रीपासून आजपर्यंत डेटाबेसच्या लॉगमध्ये कनेक्शनच्या मर्यादेची एकही ओळ आलेली नाही. साठ्याच्या जॉबला सरासरी 38 सेकंद लागत आहेत.